६४ जीबीची फाइल, ४ जीबीची रॅम

‘फाइल रॅमपेक्षा मोठी असेल तर ती क्रमाने लावायला मोठं मशीन हवं,’ असं सर्रास ऐकू येतं आणि त्या भरवशावर महागडे सर्व्हर भाड्याने घेतले जातात. साध्या संगणकावरही हे काम नीट होतं, आणि तेही टेपच्या जमान्यापासून.

समजा, फाइल ६४ जीबीची आहे आणि प्रत्येक नोंद १०० बाइटची, म्हणजे ६४ कोटी नोंदी. रॅममध्ये मावेल तेवढा ४ जीबीचा भाग उचलायचा, क्रमाने लावायचा आणि डिस्कवर लिहून ठेवायचा. असं १६ वेळा केलं की क्रमाने लावलेले १६ तुकडे तयार होतात. आता ते एकत्र विणायचे.

सगळ्यांत लहान नोंद कुठल्या तरी तुकड्याच्या तोंडाशीच असणार. ती शोधायला दर वेळी सोळाही तोंडं तपासली तर १५ तुलना लागतात. त्याऐवजी कुस्तीच्या स्पर्धेसारखी बाद फेरी लावतात. लहान नोंद जिंकते आणि वर जाते. हरलेली जिथे हरली त्याच जागी थांबते. अंतिम विजेती निकालाच्या फाइलमध्ये गेली, की तिच्याच तुकड्यातली पुढची नोंद खालून चढते. बाकीच्या लढती जशाच्या तशा राहतात, कारण त्यांतलं कुणी बदललेलंच नाही. नव्या नोंदीला फक्त आपल्या वाटेवर थांबलेल्या चार पराभूतांशी लढायचं असतं. वाटेत कुणी तिच्यापेक्षा लहान निघाली, तर ही तिथे थांबते आणि ती वर जाते. पंधराऐवजी चार तुलना! तुकडे दुप्पट झाले तरी तुलना फक्त एकाने वाढते. ही रचना मला विलक्षण सुंदर वाटते.

खरा वेळ खाते ती डिस्क. हार्ड डिस्कचं वाचणारं टोक नव्या जागी न्यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीसाठी ते हलवावं लागलं, तर ६४ कोटी नोंदींना सुमारे ७४ दिवस लागतील. म्हणून प्रत्येक तुकड्यातून एका दमात २०० एमबी वाचून रॅममध्ये ठेवतात. मग वाचताना जेमतेम ३२० उड्या होतात, म्हणजे तीन-साडेतीन सेकंद. सोळा तुकड्यांचे मिळून ३.२ जीबी झाले. उरलेल्या रॅममध्ये निकाल साठतो आणि तोही मोठ्या घासांनीच डिस्कवर जातो.

लिनक्सवरची `sort` ही आज्ञा मोठ्या फाइलसाठी आपणहून तुकडे पाडते. ते सहसा `/tmp` मध्ये जातात, म्हणून कधी कधी अर्ध्यातच `No space left on device` असा संदेश येतो. `-T` देऊन दुसरी मोकळी जागा दाखवली की काम भागतं.

तुकडे आपणच वेगवेगळ्या मशीनवर लावून `sort -m` ने विणत असाल, तर मात्र जास्त जपा. एका मशीनवर मराठी वर्णक्रम आणि दुसऱ्यावर निव्वळ बाइटचा क्रम असेल, तर विणकाम बिनतक्रार पूर्ण होतं आणि निकाल चुकीचा येतो, कारण `-m` तुकड्यांचा क्रम तपासत नाही. सगळीकडे बाइटचाच क्रम लावणारं `LC_ALL=C` ठेवा आणि विणण्याआधी प्रत्येक तुकड्यावर `sort -c` चालवा. क्रम कुठे मोडला असेल, तर ओळीच्या क्रमांकासह `disorder` असं लिहून येतं.