रेती मिठाने सुटत नाही

"मेथी, पालक मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवले की माती निघून जाते ना?"

नाही. रेती मिठात विरघळत नाही, घरातल्या व्हिनेगरमध्येही नाही. ती सुटी होऊन तळाशी बसते, आणि त्याला साधं पाणी पुरतं.

पावसाळ्यात गोदाकाठच्या बाजारातून आणलेली मेथीची जुडी घ्या. मुळं कापा, जुडी सोडा, मोठ्या पातेल्यात पानं बुडवून हलवा आणि दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या. मग पानं हातांनी वर उचलून चाळणीत काढा. इथेच बहुतेक जण चुकतात: पातेलं चाळणीत ओततात आणि बसलेली रेती पुन्हा पानांवर येते. रिकाम्या पातेल्याच्या तळाशी बोट फिरवा. कचकच लागली तर नवं पाणी घ्या. पावसाळी मेथीला मी तीन पाणी धरूनच चालते.

मिठाच्या पाण्याने पानांतले बारीक किडे सुटायला मदत होते, एवढं खरं. जास्त वेळ ठेवलं तर पानं मलूल पडतात. व्हिनेगर काही जंतू कमी करतं, सगळे नाही.

सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मात्र भिजवूच नका, ती पाणी पिऊन मऊ पडते. देठासकट चाळणीत ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवा, तेही खायच्या आधीच.