नाव वेगळं, हाक वेगळी

काल्पनिक जग रचणाऱ्या नव्या लेखकांचं हस्तलिखित हातात आलं की मी आधी संवाद चाळतो. नावं झकास असतात, यादी चाळीस जणांची असते. पण राजा, त्याची आई, त्याचा नोकर आणि त्याचा शत्रू असे सगळे त्याला एकाच नावाने हाक मारतात. मग लेखक म्हणतो, संस्कृती उभी राहत नाही, आता भाषाच तयार करायला घेतो. अरे, भाषा कशाला? तुझी नावं झाली आहेत, हाका राहिल्यात.

नावांचं काम सोपं आहे, ते उरकून टाकू. दहा-बारा आवाज निवडा, स्त्री-पुरुषांच्या नावांचे दोन-तीन शेवट ठरवा, आणि नाव कोण ठेवतं त्याचा एक नियम करा. नावाला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ लावून मोठ्याने वाचा; जीभ अडखळली तर नाव बदला. नावाच्या मधोमध स्वल्पविराम टांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, वाचायचंच सोडून देतो.

गाडी अडते ती पुढे. नाव एका माणसाचं असतं, हाक दोन माणसांमधली असते. त्यामुळे नाव ठरवताना त्या माणसाकडे बघून भागतं, पण हाक ठरवताना कोण, कुणाला आणि कुणाच्या देखत, हे तिन्ही बघावं लागतं.

आमच्या घरातलंच सांगतो. आजोबांचं नाव विश्राम. थोरल्या भावाला तेच ठेवलं, कारण आजोबांचं नाव नातवाला द्यायची आमच्याकडे रीत. पण आजी नवऱ्याचं नाव घेईना आणि आई सासऱ्याचं. आजी ‘जरा विश्रांती घे’ असंसुद्धा म्हणत नसे, ‘वायच पड’ म्हणे. मग घरात भाऊ ‘आबा’ झाला. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरीत ‘विश्राम’ पुकारलं, तर हा ढिम्म बसून राहिला. नाव ठेवण्याचा एक नियम आणि नाव न घेण्याचा दुसरा एकमेकांवर आदळले, त्यातून तिसरी हाक जन्मली. यात नवा शब्द एकही नाही.

हेच आता कल्पित बेटावर नेऊ. मच्छीमारांची वस्ती, होडीचा मालक तालुर, वय चाळीस. नियम दोनच: नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, आणि सुनेने सासऱ्याचं, बायकोने नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही. तालुर हे त्याच्या आजोबांचं नाव, म्हणून आई त्याला ‘परतू’ म्हणते, म्हणजे परत आलेला. बायको मुलीवरून हाक मारते, ‘मिरीचे बाबा’. होडीवरचे खलाशी ‘सुकाणू’ म्हणतात, पण फक्त पाण्यावर. किनाऱ्यावर तोच खलाशी ‘काका’ म्हणतो. नुसतं ‘तालुर’ म्हणतो तो ज्याच्याशी त्याचं वैर आहे तो. मग वादळाच्या रात्री बायको किनाऱ्यावरून ‘तालुर!’ असं ओरडली, तर वाचकाच्या पोटात गोळा येतो. तिने आधी प्रत्येक पानावर तेच नाव घेतलेलं असेल, तर काहीही येत नाही.

इथे लोक एक चूक हमखास करतात. पात्रांच्या तोंडच्या हाका बदलतात तशी निवेदनातली नावंही बदलतात, आणि वाचक परतू नि सुकाणू हे दोन वेगळे गडी समजतो. निवेदकाने शेवटपर्यंत तालुरच म्हणायचं. नवी हाक पहिल्यांदा आली की त्याच ओळीत ‘तालुरने मान वर केली’ असं काहीतरी ठेवायचं. नाव सोडून एका माणसाला चारपेक्षा जास्त हाका देऊ नयेत, असं माझं मत. आणि मराठीत लिहिताय तर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘अगं’, ‘अहो’, ‘गो’ आयते हाताशी आहेत. भांडणात ‘तुम्ही’ची ‘तू’ झाली की शिवी लिहायची गरज उरत नाही.

पदवीवरून बरेच जण गोंधळतात, पण तो गोंधळ किरकोळ आहे. पदवी ही हाकच, फक्त ती कधीकधी गोठून आडनाव होते. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली, खोत आडनाव अजून आहे. तुमच्या बेटावर शंभर वर्षांनी एखाद्या शिंप्याचं आडनाव ‘सुकाणू’ निघू द्या, आणि त्याला होडीत बसलं की मळमळतं असं खुशाल लिहा.