साठावा दिवस आणि एकसष्टाव्याची सकाळ : डिफॉल्ट बेलची पार्श्वभूमी

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तपासासाठी आरोपीला जास्तीत जास्त पंधरा दिवस कोठडीत ठेवता येत असे. प्रत्यक्षात अर्धवट आरोपपत्र दाखल करून रिमांड पुढे ढकलण्याची पळवाट सर्रास वापरली जाई. १९७३ च्या संहितेने कलम १६७(२) च्या परंतुकात साठ दिवसांची मर्यादा घातली; तेवढ्यात आरोपपत्र आले नाही तर आरोपीला हक्काने मिळणारा जामीन म्हणजे डिफॉल्ट बेल. १९७८ मध्ये मोठ्या गुन्ह्यांसाठी नव्वद दिवस आले. एवढे झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो तिथून सुरू झाला.

परंतुक म्हणते की मुदत संपली आणि आरोपी जामीन द्यायला तयार असला, तर त्याला सोडावे. पण मुदत संपल्यानंतर आणि सुटका होण्याआधी आरोपपत्र येऊन पडले तर? १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की हा हक्क आरोपपत्र येईपर्यंतच टिकतो; तोवर तो ‘वापरला’ नसेल तर संपतो. ‘वापरला’ म्हणजे नेमके काय केले, याचे उत्तर मात्र नीट दिले नाही. पुढची सात वर्षे सरकारी वकिलांनी या एका शब्दावर काढली. अर्ज आला की मुदत मागायची, सुनावणी दुपारवर न्यायची, आणि तेवढ्यात आरोपपत्र दाखल करून अर्ज निरर्थक झाला म्हणायचे.

मुंबईतल्या एका प्रकरणाने याचा निकाल लावला. ठेवीदारांच्या फसवणुकीचा, एमपीआयडी या महाराष्ट्राच्या ठेवीदार संरक्षण कायद्याखालचा गुन्हा होता. आरोपी १७ जून २००० रोजी न्यायालयात हजर झाला आणि त्याच दिवशी त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली. साठ दिवस १६ ऑगस्टला भरले. १७ ऑगस्टला अर्ज पडला. दंडाधिकाऱ्यांनी तो त्याच दिवशी फेटाळला. कारण काय, तर या खास कायद्याला परंतुक लागूच होत नाही. आरोपी उच्च न्यायालयात गेला, आणि प्रकरण तिथे चालू असताना ३० ऑगस्टला आरोपपत्र दाखल झाले. उच्च न्यायालयाने मान्य केले की परंतुक लागू होते, म्हणजे दंडाधिकारी चुकले होते. तरीही जामीन नाही, कारण आता आरोपपत्र आले होते! चूक न्यायालयाची आणि कोठडी आरोपीला, असा हा हिशेब.

मार्च २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो उलटवला. मुदत संपल्यावर अर्ज केला आणि जामीन भरण्याची तयारी दाखवली, की हक्क ‘वापरला’. न्यायालयाने अर्ज चुकीने फेटाळला किंवा लांबवला, तर त्याचा फटका आरोपीला बसणार नाही. एक अट मात्र राहिली : आदेश झाल्यावर ठरलेल्या वेळेत जामीन भरलाच नाही आणि मधे आरोपपत्र आले, तर हक्क जातो. गरीब आरोपी अजूनही इथेच अडकतो. या अटीवर फारशी चर्चा होत नाही. २०१७ मध्ये लेखी अर्जाचीही गरज उरली नाही; तोंडी मागणी पुरेशी ठरली.

आता वरच्या तारखा पुन्हा मोजा. १७ जून धरला तर साठावा दिवस १५ ऑगस्टला येतो. धरला नाही तरच १६ येतो, म्हणजे त्या प्रकरणात पहिला दिवस सोडून मोजणी झाली होती. तो धरायचा, असे १९८६ चा निकाल सांगत होता; १९९५ चा निकाल तो सोडायचा म्हणत होता. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचेच. वकिलाला हवा तो निकाल हाताशी असे.

हा घोळ २०२० मध्ये मुंबईतल्याच एका गृहकर्ज कंपनीच्या प्रवर्तकांच्या प्रकरणात अंगाशी आला. मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात पहिला रिमांड १४ मे रोजी झाला. तो दिवस धरून साठावा दिवस १२ जुलै, रविवार. सोडून १३ जुलै. तपास यंत्रणेने कागद प्रत्यक्ष दाखल केले १३ जुलैला. उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवून टाकले : रिमांडचा दिवस धरायचा. तेव्हापासून आरोपीचे वकील रिमांडच्या आदेशावरच्या तारखेपासून बोटावर मोजतात आणि एकसष्टाव्या सकाळी कार्यालय उघडताच अर्ज देऊन त्यावर वेळेसह शिक्का घेतात.

१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये आहे. साठ-नव्वद तेच, पण नव्वद दिवसांच्या गुन्ह्यांची शिक्षा सांगणारे शब्द बदलले : ‘दहा वर्षांपेक्षा कमी नाही’च्या जागी ‘दहा वर्षे किंवा अधिक’. जुन्या शब्दांचा अर्थ किमान शिक्षा दहा वर्षे असा २०१७ मध्ये लावला गेला होता, म्हणून कमाल दहा वर्षे असलेल्या गुन्ह्यांना साठच दिवस मिळत. नव्या शब्दांनी ते गुन्हे नव्वदात गेले, असा युक्तिवाद सरकार पक्षाने लगेच सुरू केला आहे.