आंतरराष्ट्रीय परमिट आणि लायसन्स बदलून घेणे : परदेशात दुचाकी चालवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी

आपल्या बोलण्यात ‘इंटरनॅशनल लायसन्स’ हा शब्द इतका रुळला आहे की त्या नावाचे लायसन्स प्रत्यक्षात कुठेच नसते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला आपण असे म्हणतो ते आंतरराष्ट्रीय परमिट असते, म्हणजे मूळ लायसन्सवरची माहिती अनेक भाषांत आणि ठरावीक नमुन्यात मांडणारी पुस्तिका. मूळ लायसन्स खिशात नसेल तर एकट्या पुस्तिकेला किंमत नाही. याउलट लायसन्स बदलून घेणे म्हणजे राहत्या देशाचे स्वतःचे लायसन्स मिळवणे. त्यानंतर दुचाकी चालवण्याचा हक्क मूळ देशाच्या कागदावर अवलंबून राहत नाही. पहिली गोष्ट पाहुण्यासाठी आहे आणि दुसरी रहिवाशासाठी. विद्यार्थ्याची अडचण अशी की तो पाहुणा म्हणून उतरतो आणि काही महिन्यांत, स्वतःला न जाणवता, कायद्याच्या दृष्टीने रहिवासी झालेला असतो.

परमिटमागे मुख्यतः दोन करार आहेत. एक १९४९ चा जिनिव्हाचा आणि दुसरा १९६८ चा व्हिएन्नाचा. पहिल्या करारानुसार दिलेले परमिट एक वर्ष चालते, दुसऱ्यानुसार दिलेले जास्तीत जास्त तीन वर्षे. कोणता देश कोणत्या कराराचे परमिट मानतो हे आधी पाहावे लागते. उदाहरणार्थ, जपान फक्त १९४९ च्या नमुन्याचे परमिट स्वीकारतो. परमिटवर वाहनांचे वर्ग अक्षरांनी दाखवलेले असतात आणि दुचाकीचा वर्ग ‘ए’ आहे. ज्याच्या मूळ लायसन्सवर फक्त मोटारीची नोंद आहे, त्याच्या परमिटवर ‘बी’ समोर शिक्का असतो आणि ‘ए’ समोरची जागा रिकामी राहते. अशा माणसाला भाड्याची स्कूटर देताना दुकानदार बहुधा काही विचारत नाही. अपघातानंतर विमा कंपनी मात्र नेमके तेच पान उघडून पाहते. म्हणून परमिट हातात पडताच सर्वप्रथम ‘ए’ समोरचा शिक्का पाहावा.

परमिटची मुदत आणि दुचाकी चालवण्याच्या हक्काची मुदत एकच आहे, असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. परमिट तीन वर्षांचे असले, तरी राहत्या देशाचा कायदा रहिवाशाला परदेशी लायसन्सवर सहा महिने देत असेल, तर हक्क सहा महिन्यांचाच राहतो. जर्मनीत निवास सुरू झाल्यापासून साधारणपणे सहा महिने मिळतात, ब्रिटनमध्ये बारा. व्हिएन्ना करारातच अशी तरतूद आहे की परमिट मिळाल्यानंतर ज्याने आपला नेहमीचा निवास त्या देशात हलवला, त्याचे परमिट मानण्याचे बंधन त्या देशावर नाही. त्यामुळे नवे परमिट काढून हक्क लांबवता येत नाही.

हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बावीस वर्षांचा एक विद्यार्थी १२ सप्टेंबर २०२४ रोजी इंग्लंडमध्ये शिकायला पोहोचला, असे धरू. त्याच्या मूळ लायसन्सवर मोटरसायकलची पूर्ण नोंद आहे, पण त्याचा देश ब्रिटनच्या ‘लायसन्स बदलून मिळणाऱ्या’ देशांच्या यादीत नाही. (भारतही त्या यादीत नाही.) त्याने निघण्यापूर्वी, १० जुलै २०२४ रोजी, एक वर्षाचे परमिट काढले होते. ते ९ जुलै २०२५ ला संपणार, म्हणून जूनच्या सुट्टीत घरी गेल्यावर त्याने नवे परमिट घेतले, जे पुढच्या जूनपर्यंत चालते. परत येऊन तो आपली तीनशे सीसीची मोटरसायकल निर्धास्तपणे चालवू लागला. प्रत्यक्षात त्याचा हक्क निवास सुरू झाल्यापासून बारा महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या मध्याआधीच संपला. सुट्टीत घरी जाऊन आल्याने निवास नव्याने सुरू होत नाही आणि नव्या पुस्तिकेने तो हक्क पुन्हा मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये तो रस्त्यावर आहे तो लायसन्सशिवाय, आणि त्याच्या पिशवीतल्या दोन्ही कागदांवर तर पुढच्या तारखा दिसत आहेत.

त्याने काय करायला हवे होते? ‘बदलून घेणे’ या शब्दामागेही दोन वेगळे मार्ग आहेत. मूळ देश यादीत असेल तर अर्ज, शुल्क आणि जुने लायसन्स जमा करून नवे मिळते, परीक्षा द्यावी लागत नाही. तिथेही सावध राहावे, कारण काही देशांशी झालेले करार फक्त मोटारीपुरते असतात आणि दुचाकीचा वर्ग नव्या कार्डावर उतरत नाही. मूळ देश यादीत नसेल तर बदलून घेण्याचा प्रश्नच येत नाही. नवशिक्याप्रमाणे सुरुवात करावी लागते. ब्रिटनमध्ये ती अशी होते : आधी तात्पुरते, म्हणजे प्रोव्हिजनल लायसन्स काढायचे, ज्याचे ऑनलाइन अर्जाचे शुल्क ३४ पौंड आहे. मग सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचे, जे बहुतेकांचे एका दिवसात पूर्ण होते. त्यानंतर लेखी परीक्षा आणि शेवटी दोन भागांची प्रत्यक्ष परीक्षा. मूळ लायसन्सवरचा बारा महिन्यांचा हक्क चालू असताना प्रोव्हिजनल काढले, तरी तो हक्क जात नाही आणि त्या काळात ‘एल’ पाटीही लावावी लागत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षातच, माझ्या मते सहाव्या महिन्याच्या आसपास, ही वाट सुरू करणे शहाणपणाचे आहे, कारण प्रत्यक्ष परीक्षेची तारीख आपल्या सोयीने मिळेलच असे नसते.

वयाचाही एक अडसर आहे, जो बहुतेकांना उशिरा कळतो. मूळ लायसन्सवर पहिले वर्षभर मोठ्या ताकदीची मोटरसायकल चालवता आली, तरी ब्रिटिश परीक्षेतून अमर्याद ‘ए’ वर्ग थेट मिळवण्यासाठी वय २४ पूर्ण असावे लागते. आपल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला परीक्षा देऊन ‘ए-२’ मिळेल आणि त्याची मर्यादा ३५ किलोवॉट आहे. म्हणजे पहिल्या वर्षी वैधपणे चालवलेली मोठी गाडी परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरही त्याला चालवता येणार नाही, असे होऊ शकते.

यावरूनच स्वस्त पहिली गाडी कोणती घ्यावी हे ठरते. आज काय चालवता येते यापेक्षा तेराव्या महिन्यात काय चालवता येईल, हे पाहून गाडी निवडावी. सीबीटीनंतर प्रोव्हिजनल लायसन्सवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची मोटरसायकल ‘एल’ पाट्या लावून चालवता येते. मागे कोणाला बसवता येत नाही, मोटरवेवर जाता येत नाही आणि सीबीटीचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. हक्क बदलला तरी गाडी तीच राहते, हा १२५ सीसीचा खरा फायदा आहे. होंडा सीबीएफ १२५ किंवा यामाहा वायबीआर १२५ यांसारख्या हवेने थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या साध्या गाड्या त्यासाठी पुरेशा आहेत. मात्र स्वतःच्या १२५ वर परीक्षा दिली तर १२५ सीसीपुरता ‘ए-१’ वर्गच मिळतो. ‘ए-२’ साठी चारशे सीसीच्या आसपासची गाडी लागते आणि ती बहुधा प्रशिक्षण केंद्राकडून घ्यावी लागते.

जुनी गाडी घेताना नोंदणीपुस्तक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवावे. ब्रिटनमधल्या व्ही-५-सी या कागदावरच तसे छापलेले असते, कारण त्यात गाडी कोणाच्या नावावर नोंदलेली आहे एवढेच दिसते. गाडीवर कर्ज बाकी असेल तर ते वेगळे तपासावे लागते. सांगाड्यावरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, विकणारा कागदावरच्या पत्त्यावरच भेटतो का आणि किल्लीचे कुलूप उचकटलेले नाही ना, या तीन गोष्टींत चोरीची बहुतेक चिन्हे सापडतात. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी ही तपासणी होते आणि तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. तिथे किलोमीटरचा, म्हणजे तिकडे मैलांचा, आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. आधीच्या मालकाने भरलेला रस्ताकर गाडीसोबत येत नाही. तो नव्याने भरल्याशिवाय गाडी घरी चालवत आणता येत नाही.

विम्याच्या बाबतीत परमिट आणि लायसन्स यांतला गोंधळ सर्वांत जास्त नडतो. अर्जात लायसन्सचा प्रकार विचारतात आणि तिथे परदेशी पूर्ण, ब्रिटिश प्रोव्हिजनल आणि ब्रिटिश पूर्ण हे वेगळे पर्याय असतात. हप्ता कमी दिसतो म्हणून ‘ब्रिटिश पूर्ण’ निवडणे हे खोटे निवेदन आहे. जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनावर कंपनी करारच रद्द ठरवू शकते. निष्काळजीपणाने चूक झाली असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. आपल्या विद्यार्थ्याने विमा घेताना ‘परदेशी पूर्ण’ हे खरे उत्तर दिले होते, परंतु बारा महिन्यांनी ते उत्तर खरे राहिले नाही आणि त्याने कंपनीला कळवले नाही. विम्याच्या प्रमाणपत्रावर लायसन्सविषयीची अट लिहिलेली असते, आणि विमा चालू आहे एवढ्यावरून चालवण्याचा हक्कही चालू आहे असे ठरत नाही. पोलिसांनी विमा नसलेला चालक म्हणून पकडले तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा दंडगुण बसू शकतात, गाडीही जप्त होऊ शकते. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनीला कायद्याने त्या माणसाची भरपाई द्यावी लागते, पण नंतर ती रक्कम चालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा असतो. इजा गंभीर असेल तर ही रक्कम विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची असते.

गाडी घेण्याआधी तिचा क्रमांक घालून विम्याचा दर काढावा, कारण नवख्या आणि परदेशी लायसन्सच्या चालकासाठी वर्षाचा हप्ता कधी कधी गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. रात्री गाडी जिथे उभी राहते तो वसतिगृहाचा किंवा भाड्याच्या खोलीचा पत्ता द्यावा. साध्या विम्यात खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम बसत नाही आणि ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाईही आहे, त्यामुळे त्या कमाईतून गाडीचा खर्च निघेल असा हिशेब मुळातच मांडू नये. बाराव्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, प्रोव्हिजनल लायसन्स आणि सीबीटीचे प्रमाणपत्र हातात असताना, विमा कंपनीला लायसन्सचा प्रकार बदलल्याचे लेखी कळवावे, तिच्याकडून नवे प्रमाणपत्र घ्यावे आणि ‘एल’ पाट्या लावून मगच गाडी रस्त्यावर काढावी.