क्रांतिक बाक-भार (खीळ-टोकांचा सडपातळ स्तंभ)

लांब, बारीक खांबावरचा उभा दाब वाढवत नेला की तो चिरडण्याआधीच ज्या भाराला बाजूला बाक घेतो, तो त्याचा क्रांतिक भार. या नोंदीत फक्त सर्वत्र सारख्या जाडीचा आणि दोन्ही टोके जागची न सरकणारी, पण बिजागरीसारखी फिरू शकणारी असा स्तंभ घेतला आहे. विदर्भातल्या खेड्यांत स्लॅबच्या सेंट्रिंगखाली उभी असते ती बल्ली या कल्पनेच्या बरीच जवळ येते. खाली फळीचा तुकडा व पाचर, वर आडवे लाकूड, आणि बल्ली दोन्हीकडे नुसती टेकलेली.

या भाराच्या सूत्राचे श्रेय स्विस गणिती ऑयलरला देतात, पण ते कोणत्या वर्षाचे यावर एकवाक्यता नाही. भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो हे डच भौतिकशास्त्रज्ञ म्यूशेनब्रुक याने १७२९ मध्येच प्रयोगांवरून नोंदवले होते. ऑयलरच्या १७४४ च्या ग्रंथाच्या परिशिष्टात हा भार स्थितिस्थापक वक्रांच्या मोठ्या वर्गीकरणातून, जाता जाता, निघतो. स्तंभ हाच विषय धरून केलेली सरळ मांडणी १७५७ च्या, बहुधा १७५९ मध्ये छापून आलेल्या, बर्लिन अकादमीच्या निबंधात आहे. पहिलेपण १७४४ चे धरणे अधिक रास्त वाटते. एकाहून जास्त वळसे असलेले, म्हणजे वरच्या क्रमाचे, बाक मात्र गणिती लाग्रांजने १७७० नंतरच्या निबंधात स्वतंत्रपणे मांडले. ज्या ठरावीक भारांना असे बाक येतात त्यांना आज ‘आयगेन मूल्य’ म्हणतात; ही संज्ञा याहून पुष्कळ अलीकडची, जर्मन गणिती हिल्बर्टच्या १९०४ च्या लेखनातली. ऑयलरच्या तोंडी ती घालू नये.

खांब किंचित वाकला आणि x उंचीवर तो y ने सरकला, तर भार P तिथे Py एवढे वाकवणारे परिबल देतो. त्याला खांबाचा ताठपणा EI विरोध करतो. E हा लाकडाचा स्थितिस्थापकता गुणांक, I छेदाच्या आकारावरून ठरणारे निरूढी परिबल, तर L खांबाची लांबी.

```
EI y'' + P y = 0,   y(0) = y(L) = 0
y = A sin(nπx/L),   P_n = n²π²EI/L²,   n = 1, 2, 3...
```

बाकीच्या सर्व भारांना y = 0, म्हणजे सरळ खांब, हे एकच उत्तर आहे. ठरावीक भारांनाच दुसरे उत्तर मिळते; ते भार ही या समीकरणाची आयगेन मूल्ये, आणि त्यांतले सर्वांत लहान, n = 1 चे, क्रांतिक. A किती, हे समीकरण सांगत नाही. बाक केव्हा येईल ते कळते, किती येईल ते नाही.

६ सेंमी व्यासाची, ३ मी. लांब बल्ली घेऊ. E सुमारे १०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. धरला तर क्रांतिक भार ७ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७०० किलो भरतो. १२ सेंमी जाडीचा ओला स्लॅब, फळ्या आणि वर वावरणारी माणसे मिळून चौरस मीटरला सुमारे ५ किलोन्यूटन होतात. दर चौरस मीटरला एक बल्ली असेल तर काम निभावते, पण जेमतेम. तीच बल्ली ४ मी. उंच पोर्चखाली लावली की क्रांतिक भार ३.९ किलोन्यूटनवर येतो आणि ती उभी राहत नाही. लाकूड चिरडायला याच्या कितीतरी पट भार लागतो, म्हणून ‘लाकूड मजबूत आहे’ हे उत्तर इथे कामाचे नाही.

मिस्त्री मध्यावर आडवी बल्ली बांधतो. त्यामुळे मध्य हलेनासा होतो, n = 1 चा बाक शक्य राहत नाही आणि n = 2 चा इंग्रजी S सारखा बाक पुढे येतो; ४ मीटरच्या बल्लीचा क्रांतिक भार चौपट, १५.७ किलोन्यूटन, होतो. पुस्तकात निव्वळ गणिती दिसणारे दुसरे मूल्य असे सुतळीच्या गाठीने हाती येते. अट एवढीच की आडवी बल्ली भिंतीला किंवा तिरप्या बांधणीला धरलेली हवी, आणि तीही दोन्ही दिशांनी. नुसत्या एकमेकींना बांधलेल्या बल्ल्या सगळ्या मिळून एकाच बाजूला वाकतात, आणि पहिले मूल्य परत येते.

प्रत्यक्षातली बल्ली कधीच सरळ नसते. मुळातला बाक भारामुळे सुमारे 1/(1 − P/P₁) पट होतो. ३ मीटरच्या बल्लीला १ सेंमी बाक असेल तर ५ किलोन्यूटनखाली तो साडेतीन सेंमी दिसेल. दोन टोकांना सुतळी ताणून तो भार येण्याआधी आणि नंतर मोजता येतो. काँक्रीट ओतताना तो वाढत असेल तर लगेच थांबावे. आखूड खांबाला सूत्र लावू नये. याच जाडीच्या १ मीटर तुकड्याला ते ६३ किलोन्यूटन दाखवते, पण तिथला ताण लाकूड चिरडण्याच्या आसपास पोहोचलेला असतो.

पूर्व विदर्भात बल्लीऐवजी बांबूही लावतात. ८ सेंमी व्यासाच्या, १ सेंमी जाड भिंतीच्या बांबूत भरीव दांड्याच्या ४४ टक्केच माल असतो, पण छेदाचे I ६८ टक्के राहते. तो उभा चिरलेला असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही.