पेमेंट स्क्रीनशॉटवरून जमानोंद

ग्राहकाने यूपीआयने पैसे भरून पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून रक्कम, संदर्भ क्रमांक, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचे नाव वेचून रोजकीर्दीत उतरवण्याची ही पद्धत. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या दुकानात बाहेरगावचे गिऱ्हाईक उधारी फेडते ते बहुधा असेच: पैसे टाकायचे आणि व्हॉट्सॲपवर फोटो धाडायचा. हे फोटो हाताने उतरवतात किंवा चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात.

चौघांत खरा कामाचा संदर्भ क्रमांक. तो 12 अंकी असतो आणि बँकेच्या उताऱ्यातही तोच येतो. फोनपेवर तो `UTR` या नावाखाली दिसतो, गुगल पेवर `UPI transaction ID` म्हणून. फोनपेचा `T` ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक किंवा `Google transaction ID` हे त्या-त्या ॲपचे घरगुती क्रमांक. नवखा दिवाणजी नेमके तेच उतरवतो आणि मग उताऱ्यात शोधत बसतो.

या 12 अंकांत बहुतेक वेळा तारीख दडलेली असते. पहिला अंक वर्षाचा शेवटचा, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. समजा, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, 15 जानेवारी 2025 ला, एका गिऱ्हाइकाने टॉवेलचे 450 रुपये भरले. क्रमांक 5015 ने सुरू व्हायला हवा. सॉफ्टवेअरने 91 ने सुरू होणारे 12 अंक उचलले, तर तो देशाच्या कोडासकट मोबाइल नंबर असण्याचीच शक्यता जास्त.

रकमेत घोळ होतो तो ₹ या चिन्हामुळे. सॉफ्टवेअर ते कधी 2, कधी 7 वाचते आणि 450 चे 2450 होतात. इथे स्वल्पविराम उपयोगी पडतो: खरोखर 2450 असते तर ॲपने 2,450 छापले असते. पण ₹6,450 चे 26,450 झाले तर स्वल्पविराम जागच्या जागी, चूक डोळ्याला दिसतच नाही. तिथे पेटीएमसारख्या ॲपवर अक्षरी रक्कम वाचावी, नाहीतर सरळ उतारा उघडावा.

वेळेत `AM`/`PM` सुटू देऊ नये. बाकी फार अडत नाही. नावाचे मात्र पाहावे लागते. दुकानाचे एक खाते आणि मुलाचे वेगळे, अशा घरात पैसे कुठल्या खात्यात पडले हे `To` खालचा यूपीआय आयडीच सांगतो.

एक्सेलमध्ये संदर्भ क्रमांकाचा रकाना आधीच `Text` करावा. नाहीतर 12 अंकांचे `5.01545E+11` होते. शिवाय 2020 सारख्या वर्षातला क्रमांक शून्याने सुरू होतो, ते शून्य गळते. तोच क्रमांक रकान्यात आधीच असेल तर गिऱ्हाइकाने जुना फोटो पुन्हा पाठवला आहे. फोटोवर `Pending` असेल किंवा क्रमांक उताऱ्यात आला नसेल, तोवर रक्कम येणे बाकीच धरतात, कारण बनावट स्क्रीनशॉटवरही हिरवी खूण असतेच.