पीडीएफमधून उचललेला मजकूर टाइपसेटिंगला देण्यापूर्वी

जुना अहवाल पुन्हा छापायचा असतो, मूळ फाइल सापडत नाही आणि हाताशी फक्त पीडीएफ उरते. तिच्यातला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट केला की तो असा दिसतो:

```
थकीत रक्कम वेळेत भरावी, अन्य-
वार्षिक अहवाल २०२२-२३     १७
था व्याज आकारले जाईल. आई-
वडिलांच्या नावावरील भाग
वारसांच्या नावे करताना
```

याचे कारण साधे आहे. कोणते अक्षर पानावर कुठे बसवायचे, ही पीडीएफमधली मुख्य नोंद. परिच्छेद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्यात बहुधा नसतेच. म्हणून छापील ओळ संपली तिथे पेस्ट केलेली ओळही संपते, आणि पानाच्या माथ्यावरचे शीर्षक वाक्याच्या मधोमध येऊन बसते.

दुरुस्ती तुम्ही स्वतः करणार असाल, तर क्रम सांभाळा: आधी शीर्षके, मग ओळीच्या शेवटची जोडरेघ, आणि ओळी जोडणे सर्वात शेवटी. बहुतेक जण ओळी आधी जोडतात. तसे केले की वरच्या उताऱ्यातले शीर्षक ‘अन्य-’ आणि ‘था’ यांच्यामध्ये कायमचे मिसळते आणि नंतर ते शोधणे फार कष्टाचे होते.

सुरुवातीला Ctrl+Shift+8 दाबून ओळीच्या शेवटच्या खुणा दिसू द्या. ¶ ऐवजी ↵ दिसत असेल, तर Ctrl+H उघडून ^l च्या जागी ^p घाला. ओळीअखेर रिकामी जागा राहिली असेल, तर तीही आताच काढा.

शीर्षकातला पान क्रमांक दर पानाला बदलतो, म्हणून नुसते शीर्षक शोधून भागत नाही. Use wildcards वर खूण करून Find what मध्ये हे लिहा आणि Replace with रिकामे ठेवा:

```
वार्षिक अहवाल २०२२-२३*^13
```

म्हणजे या शब्दांपासून ओळ संपेपर्यंत सगळे काढले जाईल. पण मजकुरातच कुठे ‘वार्षिक अहवाल २०२२-२३ सादर करताना’ असे असेल, तर तिथूनही पुढची ओळ उडेल. म्हणून इथे Replace All नको. Find Next ने एकेक पाहत जा. डाव्या पानावर बहुधा वेगळे शीर्षक असते, कधी संस्थेचे नाव. त्याचा शोध वेगळा घ्या.

आता जोडरेघ. Use wildcards ची खूण काढून -^p शोधा. ‘अन्य-’ पुढे ‘था’ आहे, म्हणजे ती रेघ फक्त शब्द तोडण्यासाठी आली होती. रेघ आणि ओळतोड दोन्ही काढा. ‘आई-वडिलांच्या’ मधली रेघ मात्र शब्दाचीच आहे, तिथे फक्त ओळतोड काढायची. ‘२०२२-२३’ किंवा खाते क्रमांक ओळीअखेर तुटला असेल, तर तिथेही रेघ राहिली पाहिजे. हा फरक वाचूनच कळतो, म्हणून ही पायरीही एकेक करूनच पार पाडा.

ओळी जोडण्यापूर्वी पीडीएफ शेजारी उघडी ठेवा आणि जिथे खरा परिच्छेद संपतो तिथे एक रिकामी ओळ येईल असे पाहा. नंतर तक्ते, पत्ते आणि कविता सोडून फक्त सलग मजकूर निवडा आणि या तीन बदल्या याच क्रमाने करा. उरलेल्या फाइलमध्येही शोधायचे का, असे वर्डने विचारले तर नाही म्हणा.

```
^p^p  →  @@@
^p    →  एक स्पेस
@@@   →  ^p
```

अहवालात इंग्रजी भाग असेल, तर जोडलेल्या अक्षरांकडेही लक्ष द्या. छपाईत f आणि i मिळून ﬁ असे एकच चिन्ह वापरलेले असते. डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो, पण financial शोधले तर तो सापडत नाही. FB01 टाइप करून Alt+X दाबले की वर्डमध्ये हे चिन्ह मिळते. ते Find what मध्ये टाकून त्याऐवजी fi घाला. ﬀ, ﬂ, ﬃ, ﬄ यांचेही तसेच करा. कधी चिन्ह पूर्णच गळते आणि office चे ‘o ce’ उरते. तिथे शोधायलाच काही नसते, स्पेलिंग तपासणीत लाल रेघ आलेला प्रत्येक शब्द पीडीएफशी ताडून पाहावा लागतो.

पेस्ट केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची गिचमीड आली, किंवा ‘विकास’ चे ‘िवकास’ झाले, तर वरचे उपाय करत बसू नका. पहिला दोष बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचा असतो, दुसऱ्यात अक्षरांचा क्रमच बिघडलेला असतो. जोडाक्षरांमुळे तो हाताने सुधारताना नव्या चुका होतात. अशा वेळी मजकूर पेस्ट न करता पीडीएफच आमच्याकडे पाठवा आणि जुन्या संगणकावर मूळ फाइल असेल तर तीही सोबत द्या.